जुमागीच्या मधले चार दिवस

आमच्याकडे 'हनिमून' हा शब्द मोठ्यांसमोर कुणी उच्चारत नाही. 'फिरायला चाललेत' एवढंच म्हणतात, आणि तेही थोडं खाली बघत. त्यात जुमागीचा प्रश्न असतोच. निकाहनंतरचे पाच जुमे सासरच्या दावतीला जायचं, हा रिवाज दख्खनच्या बहुतेक घरांत अजून चालतो, आणि पहिल्या दोन जुमागी चुकवलेला जावई आयुष्यभर ऐकून घेतो. म्हणजे नव्या जोडप्याच्या हातात खरं तर शनिवार ते गुरुवार एवढीच मोकळीक असते. मला ही अडचण वाटत नाही. समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी शुक्रवारी संध्याकाळी सुरू होते आणि रविवारी दुपारी ओसरते. जुमागी सांभाळणारं जोडपं आपोआप आठवड्याच्या मधल्या, स्वस्त दिवसांत तिथं पोचतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्यासाठी मी असाच एक बेत आखून दिला. भाचा कोल्हापुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मुलीकडचे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, आता तीन पिढ्या कोल्हापुरात. भाच्याला शांत समुद्र हवा होता आणि मुलीला पाण्याखाली जायचं होतं. तिला पोहता येत नाही, पण लहानपणापासूनची हौस. मी सहा वर्षं मालवणात शिक्षिका होते, तिथं स्वतः तीनदा पाण्याखाली गेले आहे. म्हणून दोघं माझ्याकडे आली. "खाला, वीस हजारांत होईल?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मुलीनं भाचा चहा आणायला उठल्यावर विचारला. तो कपड्यांचा होता. त्याकडे येते.

आधी पैशांचं. भाचा सहज म्हणून गेला, "मेहरचे पंचवीस हजार तिच्याकडे आहेतच, त्यातून करू, नंतर भरून देईन." मी तिथंच थांबवलं. मेहर तिचा आहे. तिनं आपल्या खुशीनं खर्च केला तर गोष्ट वेगळी, पण लग्नाला आठ दिवस झालेली मुलगी नवऱ्याला 'नको' म्हणू शकत नाही, आणि जिथं 'नको' म्हणता येत नाही तिथल्या 'हो'ला खुशी म्हणायचं नाही. सहलीचा खर्च सलामीत आलेल्या पैशांतून करायचा आणि सलामी जेवढी, तेवढीच सहल. सलामीचे बावीस हजार जमले होते. त्यातले वीस काढले, आणि वीसमधले दोन हजार वेगळ्या पाकिटात ठेवले. ते समुद्र खवळला तर, किंवा कुणाचं पोट बिघडलं तर.

जागा मालवणजवळची तारकर्ली ठरली. गोव्यात याच पैशांत दोनच रात्री निघाल्या असत्या, आणि तिथल्या किनाऱ्यावर बुरखेवालीकडे लोक जसे वळून बघतात तसे तारकर्लीत आठवड्याच्या मधे बघत नाहीत, कारण बघायला माणसंच नसतात. शिवाय कोल्हापूरहून एसटीनं जाता येतं. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघांचं जाऊन-येऊन भाडं साडेआठशेच्या आत बसलं. लोक या सवलतीचा हिशोब सहलीच्या बजेटात धरतच नाहीत आणि भाड्याच्या गाडीला सहा-सात हजार घालवतात.

खोली ठरवताना मी एक गोष्ट आग्रहानं करायला लावली. फोनवर पहिल्या वाक्यात पूर्ण नाव सांगायचं, आणि मग खोली आहे का ते विचारायचं. पहिल्या ठिकाणी नाव ऐकल्यावर "बघून सांगतो" म्हणाले आणि मग सांगितलंच नाही. दुसऱ्या ठिकाणी एका मालवणी काकूंनी फोन घेतला. त्या म्हणाल्या, "या हो, मासे खाताव मा?" तिथं खोली घेतली. जे व्हायचं ते फोनवर झालेलं बरं. नवी बायको शेजारी उभी असताना, हातात बॅगा घेऊन, दारात ते ऐकावं लागू नये. कागदांचंही सांगते. मुलीच्या आधार कार्डावर वडिलांचं नाव असतं आणि निकाहनामा बहुतेक उर्दूत. काउंटरवरच्या माणसाला तो वाचता येत नाही. मोबाइलमध्ये निकाहनाम्याच्या फोटोबरोबर मराठीत छापलेल्या लग्नपत्रिकेचा फोटोही ठेवायचा. या दोघांना तो लागला नाही, पण असलेला बरा.

आता मुख्य भाग, म्हणजे कुठला दिवस कशासाठी. बहुतेक जोडपी पोचल्या पोचल्या पाण्यातले खेळ उरकतात, कारण उत्साह तेव्हा जास्त असतो. मी तो दिवस मुद्दाम मधे ठेवते. रविवारी फजर पढून निघाले की दुपारपर्यंत पोचतात. लग्नघरातली पंधरा दिवसांची झोप तुंबलेली असते. त्या दिवशी फक्त संध्याकाळचा किनारा. सोमवारी काहीच नाही, अक्षरशः काहीच नाही. मंगळवारी स्कूबा. बुधवार राखीव: मंगळवारी वारा असला किंवा पाणी गढूळ असलं तर स्कूबा बुधवारी, नाहीतर सिंधुदुर्ग किल्ला. गुरुवारी परत, शुक्रवारी दुसरी जुमागी.

मंगळवार निवडण्यामागे अजून एक कारण होतं, आणि ते आपल्या घरातल्या कॅलेंडरवरच असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. पाणी जोरानं चढतं-उतरतं आणि तळाची वाळू उसळते. अर्ध्या चंद्राच्या सुमारास भांगाची भरती असते, पाण्याची ये-जा कमी होते आणि तळ जरा निवळतो. हिजरी तारीख म्हणजे चंद्राचीच तारीख. चांदाची 8 ते 10 किंवा 22 ते 24 शोधायची, की पंचांग किंवा भरतीचं वेळापत्रक न बघताही अंदाज येतो. भाच्याचा मंगळवार 8 तारखेला येत होता, बुधवार 9. अर्थात जोराचा वारा सुटला तर चंद्र कितीही अर्धा असला तरी पाणी गढूळच राहतं. म्हणून राखीव दिवस हवाच. आणि मेच्या शेवटापासून पावसाळाभर हे सगळं बंद असतं, तेव्हा त्या दिवसांत लग्न झालेल्यांनी स्कूबाचा बेत हिवाळ्यावर टाकावा.

मुलीचा प्रश्न असा होता: "खाला, अंगावर काय घालायचं?" तिनं व्हिडिओंत जे कपडे पाहिले होते त्यावरून तिला वाटलं होतं की ही गोष्ट आपल्यासाठी नाहीच. खरं तर पाण्यातल्या सगळ्या खेळांत सर्वांत जास्त अंग झाकणारा खेळ हाच आहे. पूर्ण वेटसूट मानेपासून मनगटापर्यंत आणि घोट्यापर्यंत असतो, जाड रबरी कापडाचा. तो अंगाला घट्ट बसतो, ही मात्र खरी अडचण. तिनं आत पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग घातली, वर वेटसूट, आणि होडीत चढेपर्यंत व बाहेर आल्यावर वरून सैल कुर्ता. काही ठिकाणी अर्ध्या बाह्यांचेच सूट असतात, तेव्हा फोनवरच विचारायचं. डोक्याला मात्र ओढणी किंवा साधा हिजाब चालत नाही. सुटं कापड पाण्यात तरंगतं, तोंडातल्या नळीत अडकतं आणि काचेच्या मास्कखाली गेलं तर मास्कमध्ये पाणी शिरतं. पोहण्याची डोकं-मान झाकणारी टोपी मिळते, ती घ्यायची. मास्कची रबरी कड त्या टोपीच्या कापडावर न बसता थेट कातडीवर बसली पाहिजे. एक केस जरी मधे आला तरी पाणी झिरपतं.

पुरुषांचंही यात थोडं आहे. मास्कची खालची कड वरच्या ओठावर बसते, म्हणून भरघोस मिशा असलेल्यांच्या मास्कमध्ये पाणी येत राहतं. दाढीचा तसा त्रास नसतो. दाढी ठेवून मिशा बारीक कातरणाऱ्या आपल्या लोकांचा इथं आयताच फायदा होतो, हे मी भाच्याला सांगितल्यावर तो दिवसभर हसत होता.

दागिने खोलीतच ठेवायचे. मेहंदीला काही होत नाही, पण लच्छा गळ्यात ठेवू नये, त्यात नळी अडकते. अंगठी तर नक्की काढायची. पाण्यात बोटं आकसतात आणि नवी, थोडी सैल अंगठी कधी निसटली ते कळत नाही. मालवणच्या तळाशी किती नवऱ्यांच्या अंगठ्या पडल्या असतील, अल्लाह जाणे.

अजून एक बाब तिनं विचारली नव्हती, पण मी काढली. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो, पाठीवरच्या टाकीच्या पट्ट्याला किंवा दंडाला. तो बहुधा पुरुष असतो. बाई प्रशिक्षक आहे का ते आधी विचारता येतं. असली तर उत्तम. नसली तर? माझं मत असं की पोहता न येणाऱ्याला पाण्याखाली धरणारा माणूस हा त्या वेळेपुरता डॉक्टरसारखा असतो. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांनी होडीतून किनारा बघावा, त्यातही मजा आहे. पण हा निर्णय त्या मुलीचा असावा. नवऱ्याचा नसावा, आणि व्हिडिओ बघून टिप्पणी करणाऱ्या चुलत दिरांचा तर नसावाच. तिनं टाकीच्या पट्ट्याला धरायला सांगितलं, आणि तसंच धरलं गेलं.

प्रत्यक्ष पाण्याखाली काय होतं ते तिला मी तीनदा समजावलं, कारण घाबरायला होतं ते न कळल्यामुळे. किल्ल्याजवळच्या उथळ खडकांवर साधारण पाच ते आठ मीटर खाली नेतात. पोहता यावं लागत नाही. तरंगणं-बुडणं प्रशिक्षक सांभाळतो. आपल्याकडे दोनच कामं असतात. पहिलं, तोंडानं सतत श्वास घेत राहायचं आणि तो कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. रोखून धरलेली हवा इजा करते. दुसरं काम कानांचं. दहा मीटर खाली पाण्याचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, आणि त्यातला फरक पहिल्या दोन-तीन मीटरांतच कानाला सर्वांत जास्त जाणवतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंकायचं. कानात 'टक्' झालं की पुढं. हे दर मीटरला करायचं, दुखायच्या आधी करायचं. दुखू लागलं तर जोर करायचा नाही, थोडं वर यायचं. सर्दी असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण वाट चोंदलेली असते. मग त्या दिवशी जायचंच नाही. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल तरी नाही. आणि अंगठा वर केला की 'मस्त' असा अर्थ होत नाही. 'मला वर न्या' असा होतो. नव्या माणसांची फजिती इथंच होते. खुशीत अंगठा दाखवतात आणि थेट होडीत पोचतात.

चांगला चालक कसा ओळखायचा? तो आधी तब्येतीचे प्रश्न विचारतो. कमरेएवढ्या पाण्यात किंवा होडीच्या शिडीला धरून पाच-दहा मिनिटं श्वासाचा सराव करून घेतो. एका माणसामागे एक प्रशिक्षक देतो. "सर्दी आहे? चालतंय हो" म्हणणाऱ्याकडून परत फिरावं. पाच खेळ एकत्र आठशेत देणाऱ्या पॅकेजमध्ये प्रत्येक गोष्ट घड्याळ लावून उरकतात आणि स्कूबाची चार मिनिटं हाती लागतात. या दोघांनी माणशी दीड हजार देऊन फक्त स्कूबा केला. वेळ सकाळी आठची मागून घेतली. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात. सकाळी पाणी बसलेलं असतं. शिवाय जोहरच्या आत आंघोळ करून मोकळं होता येतं. दोघं मुसाफिर असल्यानं कसर होतीच. तो हनफी, ती शाफई, आणि शाफईंचा मुक्कामाचा हिशोब कमी दिवसांचा असतो, पण तीन पूर्ण दिवसांच्या मुक्कामात दोघांचंही कसरच निघतं.

पहिल्या डुबकीत तिचे कान दीड मीटरवर अडले. ती वर आली, पुन्हा गेली, पुन्हा अडले. तिसऱ्या वेळी प्रशिक्षकानं तिला पाय खाली आणि डोकं वर ठेवून, दोरीला धरून, फार सावकाश उतरवलं, आणि कान मोकळे झाले. उभ्यानं उतरलं की कानाची वाट सहज उघडते. घाईचं पॅकेज असतं तर दुसऱ्याच वेळी तिला होडीत बसवलं असतं. ती बारा मिनिटं खाली होती. काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे, प्रवाळाचे पिवळट-करडे गोळे, आणि खडकाच्या फटीत बसलेलं काहीतरी, ज्याचं नाव तिला अजून सापडलेलं नाही. मासे जवळ यावेत म्हणून पाव कुस्करण्याची तिथं पद्धत आहे. तिनं नको म्हणून खूण केली. हा सगळा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि व्हिडिओसाठी माशांना पाव चारणं मला पटत नाही.

स्कूबा शेवटच्या दिवशी नको म्हणते त्याचं आणखी एक कारण घाट आहे. खाली दाबाखाली श्वास घेतल्यावर अंगात नायट्रोजन थोडा जास्त मुरतो, आणि तो निघून जायला वेळ द्यावा लागतो. म्हणून पाणबुडे त्याच दिवशी विमानात बसत नाहीत. कोल्हापूरला परतायचं तर कुठल्याही घाटानं सह्याद्री चढावाच लागतो, आणि घाटमाथा सहाशे मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उथळ, छोट्या डुबकीत धोका फार कमी, पण मधे एक रात्र गेलेली बरी. मंगळवारी स्कूबा, गुरुवारी घाट. बुधवारी जावं लागलं असतं तरी एक रात्र मिळालीच असती.

बाकीचे दिवस म्हणजे किनारा आणि जेवण. किनाऱ्याबद्दल एकच सूचना: देवबागच्या टोकाला, जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं पाण्यात उतरू नये. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर खेचतं. दिसायला ती जागा सर्वांत सुंदर आहे, म्हणून सांगते. जेवणात मासे असल्यानं हलालचा प्रश्न सोपा होतो. काकूंना पहिल्याच दिवशी सांगितलं की मासे वेगळ्या तव्यावर तळा, कोंबडीच्या तेलात नकोत, आणि त्यांनी तसंच केलं. गंमत दोघांच्या ताटात झाली. तिला तिसऱ्या हव्या होत्या, त्याच्या मसलकात त्या चालत नाहीत. कोळंबीवर हनफी उलमांत मतभेद, तेव्हा तो तिच्याकडे बघत बसला. शेवटी तिच्या ताटात तिसऱ्या, त्याच्या ताटात बांगडा, आणि सोलकढी दोघांची.

हिशोब असा झाला: एसटी 840, चार रात्रींची खोली 8,000, स्कूबा 3,000, जेवण 4,200, रिक्षा आणि इकडचं-तिकडचं 1,500, किल्ल्याची होडी वगैरे 300. एकूण 17,840. राखीव पाकीट फुटलंच नाही. गुरुवारी सकाळी मालवणच्या बाजारात त्यातलेच सहाशे रुपये मोडून त्यांनी कोकम आणि खाजा घेतला, दुसऱ्या जुमागीला सासरी न्यायला. उरलेले चौदाशे आणि हिशोबातले एकशे साठ त्यानं तिच्या हातात दिले. तिनं मोजून घेतले.